'आत्ता नाहीत रे' एवढंच मी का म्हटलं नाही

प्रतिक्रिया: "लेख वाचला, पटला नाही. लहानपणापासूनच्या मित्राला दोन हजारांसाठी नाही म्हणायचं आणि वर ते लिहून कळवायचं, हे आपल्या कोकणात शोभत नाही. इथे माणसं एकमेकांच्या अडीनडीला उभी राहतात. द्यायचे नव्हते तर 'आत्ता नाहीत रे' म्हणायचं. तोही समजून गेला असता, विषय संपला असता. तुम्ही मैत्रीचा हिशोब मांडलात."

नमस्कार. तुम्ही माझ्या मित्राच्या बाजूने बोललात, त्याबद्दल आधी आभार. त्याची बाजू कुणीतरी घ्यायलाच हवी होती. अडीनडीचं म्हणता तेही खरं आहे. आमच्या वाडीत रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी कुणाची आणि पेट्रोल कुणी भरायचं हे कोणी विचारत नाही. माझा मतभेद तुमच्या एकाच वाक्याशी आहे: 'विषय संपला असता'. तो संपला नसता, आणि का ते जरा सविस्तर सांगतो. मित्राला विचारूनच लिहितोय.

माझा मित्र आंबेवाला आहे. रत्नागिरीच्या बाजूला त्याची थोडी हापूसची कलमं आहेत, वडिलोपार्जित. ज्यांचं आंब्यावर चालतं त्यांना हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मोठा खर्च पावसाळा संपल्यावर सुरू होतो. मोहोर दिसायला लागला की तुडतुडे, भुरी, फुलकिडे यांच्यासाठी एकामागून एक फवारण्या, त्यांची मजुरी, पुढे माकडांसाठी राखणदार. पैसा मात्र मार्च ते मे एवढाच येतो. मधल्या महिन्यांत घर चालवायला वाशीच्या दलालाकडून उचल घेतलेली असते. पेट्या त्याच दलालाकडे जातात आणि विक्रीची पट्टी येते तेव्हा त्यातून गाडीभाडं, हमाली आणि उचलीचा हप्ता आधीच वजा झालेला असतो. म्हणून 'पट्टी आली की देतो' हे तो मनापासून म्हणतो, खोटं बोलत नाही. पट्टी येतेही. हातात मात्र फार थोडं उरतं.

आता आमच्यातला व्यवहार बघा. मी वही ठेवली नव्हती. फोनमधल्या यूपीआयच्या यादीत सगळं दिसतं. ऑक्टोबरमध्ये ५०० गेले आणि आठवड्यात परत आले. नोव्हेंबरमध्ये १,५०० गेले. डिसेंबरमध्ये २,०००. जानेवारीच्या सुरुवातीला त्याने १,००० परत केले आणि चारच दिवसांनी ३,००० मागितले, मी दिले. एकूण ७,००० गेले, १,५०० आले, ५,५०० बाकी. फेब्रुवारीत पुन्हा २,००० चा निरोप आला. तो मी नाकारला.

यात रक्कम मोठी नाही, मला त्याची चणचणही नव्हती. पण परतफेडीची तारीख आणि पुढच्या मागणीची तारीख किती जवळ आल्या आहेत ते पाहा. थोडे परत करायचे, म्हणजे जास्त मागायला तोंड राहतं. असं होऊ लागलं की ओळखावं, मित्र एखादी अडचण भागवत नाहीये, महिन्यामागून महिना ढकलतोय. त्याची गरज दोन हजारांची नव्हतीच. पूर्ण हंगामाचा खर्च आणि हातात आलेले पैसे यांच्यामधलं ते भगदाड होतं. मी, त्याचा मेहुणा, किराणा दुकानदार आणि आणखी दोघंतिघं मिळून ते थोडं थोडं बुजवत होतो. प्रत्येकाला वाटत होतं, आपण दिले, त्याचं काम झालं. आणि खरं काम कुणीच करत नव्हतं.

आता तुमच्या 'आत्ता नाहीत'कडे येतो. गावात हे टिकत नाही. आमच्या पडवीला त्याच महिन्यात नवे पत्रे चढत होते, तो रोज रस्त्यावरून बघत होता. 'नाहीत' म्हटलं असतं तर त्याला खोटेपणा तेवढा दिसला असता. आणि समजा विश्वास बसला असता, तरी 'आत्ता' ऐकल्यावर माणूस साहजिकच विचारतो, मग कधी होतील? दहा तारखेनंतर? मी त्याला स्वतःच्या तोंडाने पुढची तारीख दिली असती. कारणांचंही तसंच होतं. 'गाडीचा हप्ता आहे' म्हटलं की 'बरं मग हजार दे', 'पाचशे तरी बघ'. कारण सांगितलं की समोरचा ते सोडवायला बघतो, त्यात त्याची चूक नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दोन हजार मागितल्यावर पाचशे देणं. पैसेही जातात, नकारही दिला जात नाही आणि पुढच्या वेळी तो चार हजार मागतो, कारण चौथा हिस्सा मिळतो हे त्याने पाहिलेलं असतं.

म्हणून नकार त्या दोन हजारांपुरता न ठेवता आमच्यातल्या देवघेवीलाच द्यावा लागला. तो लिहून का दिला, हे तुम्हाला खटकलं. फोनवर मी पाघळतो, तो गप्प झाला की मी 'बघतो रे' म्हणतो. आणि बाजारात किंवा टपरीवर बोललो असतो तर चारचौघांत त्याचा पाणउतारा झाला असता. लिहिलेलं त्याला एकट्याला वाचता आलं, राग आला तर एकट्याने राग काढता आला. रात्री त्याचा निरोप आला तेव्हा लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात बायकोशी बोलून मग पाठवलं. हे घरात बोलणं फार गरजेचं आहे. नाहीतर आपण नाही म्हणायचं आणि तो संध्याकाळी 'वहिनी, जरा बघा ना' म्हणत दारात उभा राहणार. मग त्या बिचारीने काय करायचं?

मूळ लेखात मी तो निरोप दिला नव्हता, नुसता उल्लेख केला होता. त्यामुळे तो कोरडा, कागदी वाटला असेल. इथे पूर्ण देतो:

"अरे, काल तू २,००० मागितलेस. ते मी देत नाही, आणि यापुढे आपल्या दोघांत उसने पैसे नकोत असं ठरवलंय. पैसे नाहीत म्हणून नव्हे, तुला खोटं सांगणार नाही. हल्ली तुझा फोन आला की मला आधी पैसेच आठवतात, आणि तूही आमच्या अंगणात यायचा कमी झालास. हे मला सहन होत नाही. आधीचे ५,५०० आहेत. ते लगेच मागत नाही. मार्च-एप्रिलच्या पट्ट्या उचलीत जातील हे मला माहीत आहे. मेच्या पट्टीतून २,५०० आणि कॅनिंगचे पैसे आले की ३,००० दे. जमत नसेल तर तुला जमेल ती तारीख तूच सांग. सातबाऱ्याच्या कामाला मी तुझ्याबरोबर आहे, त्यासाठी कधीही बोलव. रविवारी जेवायला ये, काकींनाही आण. या विषयावर जेवताना बोलायचं नाही."

यात दोन गोष्टी मी मुद्दाम ठेवल्या. पहिली, जुन्या बाकीचं काय ते स्पष्ट सांगितलं. नुसतं 'आता देणार नाही' म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, जुने बुडाले म्हणून हा चिडलाय. आणि 'राहू दे रे, बघू' म्हटलं असतं तर ते पैसे आमच्यामध्ये कायमचे लटकत राहिले असते, तो समोरून येताना वाट बदलत राहिला असता. एक तर पूर्ण सोडून द्यावेत आणि तसं शब्दांत सांगावं, नाहीतर झेपेल अशी तारीख द्यावी. कॅनिंगचं, म्हणजे रस काढून डबाबंद करायला जाणाऱ्या आंब्याचं, मी यासाठी लिहिलं की तो आंबा इथेच किलोवर जातो, त्यात दलालाची उचल वळती होत नाही. तो पैसा त्याच्या हातात पडतो.

दुसरी गोष्ट सातबारा. माझ्या मते खरी अडीनड इथे आहे. त्याला पीककर्ज मिळालं असतं तर तो माझ्याकडे आलाच नसता. किसान क्रेडिट कार्डावर अल्पमुदतीच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, आणि वेळेत फेडलं तर त्यात ३ टक्क्यांची सवलत आहे. मंजूर मर्यादेत लागेल तशी रक्कम काढता येते, हंगामानंतर फेडायची असते. पण आपल्याकडे घरोघरी असतो तसा त्याचा सातबारा सामायिक आहे. चुलते, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या, अर्धे मुंबईत. बँकेने सहहिस्सेदारांची संमती मागितली आणि हा तिथेच थांबला, कारण भावकीत विषय काढायचा म्हणजे वाटणीचा वास येतो. चुलत्यांना फोन करायचा त्याला धीर होत नव्हता. दोन हजार देण्यापेक्षा त्या फोनच्या वेळी त्याच्या शेजारी बसणं मला जास्त जमण्यासारखं होतं, आणि ते मी केलं. आम्ही फोनवर एवढंच बोललो की ही संमती कर्जापुरती आहे, वाटणीचा यात काही विषय नाही, आणि संमतीपत्राचा मजकूर आधी वाचायला पाठवतो. मेमध्ये मंडळी गावी आली तेव्हा दोघांनी सह्या केल्या. एक आत्या अजून तयार नाहीत. काम अर्धं आहे.

तोवर काय, असं तुम्ही विचाराल. वहिनींची एक चेन त्यांनी स्वतःहून बँकेत सोनेतारण ठेवली. मी तसं सुचवलं नव्हतं, दुसऱ्याच्या बायकोच्या दागिन्यांवर आपण बोलू नये. पण झालं ते बरं झालं, कारण तिथे व्याज आणि मुदत कागदावर आहे. बिनपरवाना व्याजाने देणाऱ्याकडे तो गेला असता तर दोन्हींचा पत्ता नसता.

माझ्या नकाराला एक अपवाद आहे आणि तोही त्याला माहीत आहे. दवाखाना आला तर मी पैसे देणार, तेही तिथल्या खिडकीवर स्वतः भरणार आणि ते परत घेणार नाही. ते उसने धरायचे नाहीत, एवढं आमच्यात ठरलंय.

तो दुखावला का? हो. निरोपाला उत्तर म्हणून फक्त 'ठीक आहे' आलं. त्या रविवारी तो आला नाही, शिमग्याला पालखी दारात आली तेव्हाही माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. मी मागे लागलो नाही आणि निरोप पुन्हा समजावूनही सांगितला नाही. समजावायला गेलो असतो तर नकार सैल झाला असता. एप्रिलमध्ये त्यानेच संमतीपत्राबद्दल फोन केला. मेमध्ये २,५०० आले. कॅनिंगचा दर यंदा त्याच्या मनासारखा लागला नाही, म्हणून उरलेल्या ३,००० साठी त्याने गणपतीनंतरची तारीख सांगितली. ती त्याने स्वतः ठरवली, मी हो म्हटलं.

तुमच्याही ओळखीत असं चाललेलं असेल तर फोनमधली यादी एकदा तारखांसकट वाचून बघा. पैसे परत येणं आणि पुढची मागणी यांच्यात महिन्याहून जास्त अंतर असेल आणि मागणी वाढत नसेल, तर खुशाल देत राहा, तिथे माझा हा लेख लागू नाही. तारखा जवळ येत असतील तर वरचा निरोप तुमच्या शब्दांत लिहा. फक्त 'आत्ता' हा शब्द त्यात येऊ देऊ नका.