कलम २७ मुळे एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, रद्द होत नाही

"कॉन्ट्रॅक्टमध्ये नॉन-कॉम्पीट, एनडीए, काहीही असू दे, कलम २७ प्रमाणे सगळं रद्दच असतं. बिनधास्त सही करा, कोर्टात काही टिकत नाही."

हा फॉरवर्ड भाचीने ऑफर लेटरसोबत पाठवला आणि खाली विचारलं, "करू ना सही, मामा?" नको, आधी वाच.

अर्धी गोष्ट खरी आहे, तेवढी मान्य करतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ धंदा-व्यवसायावर बंदी घालणारा करार रद्द मानतं. त्यामुळे "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही" ही नॉन-कॉम्पीटची अट इथली कोर्टं सहसा लागू करत नाहीत. पण त्याच कलमात "तेवढ्यापुरता" रद्द असंही म्हटलंय. एक अट गेली म्हणून बाकीचा करार जात नाही.

कराराची मुदत चालू असतानाची बंदी तर टिकतेच. १९६७ चा निरंजन गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. करार पाच वर्षांचा, कंपनीने प्रशिक्षण दिलेलं, आणि हे गृहस्थ मधेच स्पर्धकाकडे गेले. मनाई हुकूम कायम राहिला, पण मूळ मुदत संपेपर्यंतच. म्हणून ठरावीक मुदतीच्या करारात ती मुदत आधी बघायची.

सगळ्यात घातक वाक्य एनडीएबद्दलचं आहे. गोपनीयतेची अट तुम्हाला काम करण्यापासून अडवत नाही, कंपनीची माहिती नेण्यापासून अडवते. ती नोकरी सुटल्यावरही लागू राहू शकते. शेवटच्या आठवड्यात ग्राहकांची यादी किंवा दरांची शीट स्वतःच्या जीमेलवर पाठवली, की कंपनीच्या मेल सर्व्हरवर वेळेसकट नोंद राहते. मग नोटीस तुम्हालाही येते आणि नव्या कंपनीलाही. तिथे कलम २७ दाखवून सुटका होत नाही.

म्हणून एनडीएची भाषा नीट वाचायची. "नोकरीत कळलेली कोणतीही माहिती, कायमस्वरूपी" असं असेल तर बदलून मागा, कारण त्यात तुमचं कौशल्यही येतं. गोपनीय काय ते नाव घेऊन लिहिलेलं हवं: सोर्स कोड, दर, ग्राहकांचा तपशील. आधीपासून सार्वजनिक असलेली, तुम्हाला आधीच ठाऊक असलेली आणि कायद्याने सांगावी लागणारी माहिती वगळलेली हवी. साध्या व्यावसायिक माहितीला दोन-तीन वर्षं पुरेत. खरं ट्रेड सिक्रेट गुपित असेपर्यंत जपायला हरकत नाही.

"आमचे ग्राहक फोडू नका" ही अट तुम्ही स्वतः हाताळलेल्या ग्राहकांपुरती आणि वर्षभराची असेल तर मान्य करावी. बाँडचीही थट्टा नको: २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दलचे दोन लाख सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरले.

भाचीला एचआरकडे पाठवायला हे वाक्य दिलंय: "कर्मचाऱ्याचं सर्वसाधारण ज्ञान, कौशल्य आणि अनुभव गोपनीय माहितीत धरला जाणार नाही." ते करारात आलं की मग सही.