वीस राउंड म्हणजे पाच किलोमीटर नाही हो!

आमच्या सोसायटीत एक समज आहे, कंपाउंडचे वीस राउंड मारले की पाच किलोमीटर. कारण कोणीतरी कधीतरी सांगितलं की एक राउंड म्हणजे पाव किलोमीटर. मीही दीड वर्ष वीसच मारत होते, आणि मोबाईल मात्र कधी ५.४ दाखवायचा कधी ४.७, तेवढेच राउंड, तेच चपळ पाय (बरं, चपळ नाही). मॅपवर बघितलं तर माझी रेघ चक्क बी विंगच्या हॉलमधून गेलेली! उंच बिल्डिंगवर आपटून सिग्नल येतो, जीपीएस पाचदहा मीटर सहज इकडेतिकडे होतो, आणि प्रत्येक कोपऱ्यावर घोळ झाला की छोट्या राउंडमध्ये तो साठतच जातो.

मग रविवारी भाच्याकडून तीस मीटरची टेप आणली आणि आम्ही दोघांनी भिंतीची लांबी मोजली, ७८ आणि ४०, म्हणजे २३६ मीटर. पण भिंतीला घासून कोण चालतं? मी दीड मीटर आतून चालते, म्हणजे ७५ आणि ३७, राउंड झाला २२४ मीटरचा. चौकोनी कंपाउंडमध्ये एक मीटर आत सरकलं की राउंडला आठ मीटर कमी होतात, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. भिंतीलगत गाड्या लागल्या की आपण आणखी अडीच मीटर आत, म्हणजे २०४ मीटरच!

आता हिशोब बघा. २२४ ने वीस राउंड म्हणजे ४४८० मीटर, अर्धा किलोमीटर कमी. बावीस मारले की ४९२८, आणि वर फक्त एक लांब बाजू चालली की ५००३, झालं काम. गाड्यांच्या आतून चालायचं असेल तर मात्र साडेचोवीस.

मोजायचं कसं, हा खरा प्रॉब्लेम. मी अंगठ्याने बोटांची पेरं मोजते, चार बोटांची बारा, मग परत पहिल्यापासून दहा. पण मधेच ए विंगचे काका "काय, आज उशीर?" म्हणतात आणि मी नववं की दहावं विसरते. त्यावर उपाय म्हणजे घड्याळ. माझा राउंड अडीच मिनिटांचा, तर अर्धा तास झाला असेल तर बारा झालेत. शेवटी पावलं बघते, राउंडला ३२० पडतात, म्हणून ७१५० च्या आसपास यायला हवीत, ६८०० दिसली की एक राउंड खाल्लाय हे नक्की. पावलांचा आकडा मला किलोमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त पटतो.

हे सगळं मी काकांना समजावलं. ते म्हणाले, "अगं पण मी वीस मारूनच पाच किलोमीटर चालतो, माझे पाय तुझ्यापेक्षा लांब आहेत!" आता बोला.