हत्तीच्या पावलाची दुप्पट: कुठे जमते, कुठे फसते

"हत्तीच्या कुठल्याही पावलाचा ठसा शोधा, त्याचा घेर मोजा आणि दुप्पट करा. खांद्यापर्यंतची उंची अचूक मिळते. उंची कळली की वयही कळतं."

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर हे सध्या फार फिरतंय. दुपटीचा नियम आशियाई हत्तीसाठी खरा आहे, पण मजकुरातले 'कुठल्याही', 'अचूक' आणि 'वय' हे तिन्ही शब्द चुकीचे आहेत.

खान्देशात रानटी हत्ती नाहीत. महाराष्ट्रात ते सिंधुदुर्गात २००२ पासून आणि गडचिरोलीत २०२१ पासून आहेत. आपल्याकडे दिसतो तो सोबत माहूत असलेला, गावोगाव फिरणारा हत्ती. रावेरकडे तापीकाठी अशीच एक हत्तीण मुक्कामाला होती. शेजारच्या बागेतली केळी खाऊन ती पाण्याकडे चालत गेली आणि माहूतदादांच्या परवानगीने मी तिचे ठसे मोजले.

आधी पाय कुठला ते ठरवायचं. नियम पुढच्या पायाचा आहे. पुढचा ठसा जवळपास गोल असतो, मागचा लांबट आणि अरुंद. नखांच्या खुणा स्पष्ट असतील तर पुढच्या पायाला बहुधा पाच आणि मागच्याला चार दिसतात. चालताना मागचं पाऊल बऱ्याचदा पुढच्या ठशावरच पडतं. असा दुहेरी ठसा सरळ सोडून द्यावा, कारण त्याची कड कुणाची हे सांगता येत नाही. त्या हत्तिणीच्या पुढच्या ठशाचा घेर ११७ सेंटीमीटर भरला, मागच्याचा १०८. दुप्पट केली तर एकीकडे २३४ आणि दुसरीकडे २१६. हत्तीण तीच, फरक १८ सेंटीमीटरचा.

सगळ्यात मोठी चूक मात्र चिखलात होते. ओल्या गाळात पाऊल रुतलं की गाळ बाजूला ढकलला जातो आणि पाय वर निघताना कडा आणखी बाहेर कलंडतात. ठसा घमेल्यासारखा होतो, तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद. आपला हात साहजिकच वरच्या कडेवरून दोरी फिरवतो. मीही तशी फिरवून पाहिली. पाण्यालगतच्या ठशात घेर १३१ आला, म्हणजे उंची २६२! त्याच पावलाचा ठसा चार पावलं मागे, कोरड्या घट्ट मातीवर ११७ चा होता. म्हणून मऊ जमिनीत ठसा मोजायचाच झाला तर तळाच्या कडेने मोजावा, आणि घट्ट जमिनीवरचा मिळाला तर तोच घ्यावा. सुतळी ताणली जाते, तिच्याऐवजी विजेची साधी वायर बरी. कडेला ती चिकटवून फिरवायची, टोक जुळेल तिथे खूण करायची, मग सरळ करून टेपवर धरायची. डाव्या-उजव्या पुढच्या पायांचे तीन-चार ठसे मोजून सरासरी काढली की एखाद्या वेड्यावाकड्या ठशाने हिशेब बिघडत नाही.

काहीजण फक्त रुंदी मोजून तिला ३.१४ ने गुणतात. हे टाळावं. पुढचा ठसाही पूर्ण गोल नसतो. या हत्तिणीचा लांबीला ३९ आणि रुंदीला ३५ सेंटीमीटर होता. नुसत्या लांबीवरून उंची २४५ येते आणि नुसत्या रुंदीवरून २२०. घेराची चूक उंचीत दुप्पट होते, पण व्यासाची सव्वासहा पट.

उचललेला पाय मोजूनही चालत नाही. तळव्यात चरबीची जाड गादी असते. वजन पडलं की ती पसरते, पाय उचलला की आवळते, म्हणूनच हत्तीचा पाय चिखलातून सुटतो. नियम बसतो तो वजन पेलणाऱ्या पायाला.

मग तिची खरी उंची किती? हत्तीण उभी असताना पुढच्या पायाशेजारी बांबू सरळ धरला, खांद्याच्या सर्वांत उंच जागेवर आडवी काठी समपातळीत टेकवली आणि खूण मोजली: २३१. ठशावरून २३४ आलं होतं, म्हणजे नियमाने चांगलं काम केलं. तरीही दर हत्तीत पाय आणि उंचीचं प्रमाण थोडं हलतं, त्यामुळे रानात ठसा पाहून मी "साधारण सव्वादोन-अडीच मीटर" एवढंच म्हणेन. आणि ही उंची खांद्याची. आशियाई हत्तीचं डोकं आणि पाठ त्याहून वर जातात, तेव्हा फोटोवरून पडताळणी करायला गेलात तर नियम खोटा वाटेल.

वयाचा दावा तर टिकतच नाही. मादीची वाढ विशीच्या आसपास जवळजवळ थांबते. पंचविशीची आणि पन्नाशीची मादी एकाच उंचीची असू शकते, आणि वाढत्या वयाचा नरही तेवढाच भरतो. लहान पिल्लू, अर्धवट वाढलेला आणि मोठा, एवढीच विभागणी ठशावरून भरवशाची. माहूतदादांनी हत्तिणीचं वय चाळीसच्या पुढे सांगितलं. ते ११७ सेंटीमीटर तिच्या पंचविशीतही जवळपास तेवढेच असणार.