जुना फोन हातात आहे का, एवढं तरी विचारा

ज्या चॅट अ‍ॅपवर आमचे सगळे व्यवहार चालतात, त्याच्या सपोर्टला गेल्या आठवड्यात तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: अ‍ॅप काढा, परत टाका, बॅकअप रिस्टोअर करा. ते करून झाल्यावरच मी लिहिलं होतं.

मी बेळगावात वडगावला राहतो, शेती खानापूर तालुक्यात. जमिनीचे उतारे, नोटिसा सगळं कन्नडमध्ये येतं. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. हुक्केरीचा एक मित्र कागदाचा फोटो बघून व्हॉइस मेसेजवर मराठीत समजावून सांगतो. "सर्व्हे नंबर बरोबर आहे, पण आजोबांचं नाव अजून कमी झालेलं नाही," असं एकेका रकान्याचं. असे चार महिन्यांचे मेसेज गेले.

झालं असं. जुना फोन दुकानात एक्स्चेंजला देऊन नवा घेतला. दुकानातल्या मुलानंच नवीन जीमेल काढून अ‍ॅप चालू करून दिलं. घरी येऊन बघतो तर चॅट रिकामे. अ‍ॅप काढून परत टाकलं, नंबर तोच, ओटीपी आला, तरी बॅकअप सापडेना. मग लक्षात आलं, बॅकअप नुसत्या नंबरवर मिळत नाही, ज्या जीमेलवर ठेवलाय तेच जीमेल फोनमध्ये लागतं. सेटिंगमध्ये जुनं जीमेल घातलं, अ‍ॅप परत टाकलं. आता बॅकअप दिसला, पण चार महिन्यांपूर्वीचा! ड्राइव्हची फुकटची 15 जीबी जागा फोटोंनी भरली होती, तेव्हापासून नवा बॅकअप चढलाच नव्हता. ही तारीख अ‍ॅपमध्ये चॅट बॅकअपच्या पानावर दिसते. तिथं मी कधी गेलोच नव्हतो, आणि रोजच्या चॅटच्या यादीवर एकदाही काही दिसलं नाही.

शेवटचा उपाय मला माझ्या भाच्यानं सांगितला, सपोर्टनं नव्हे. ड्राइव्ह भरली तरी अ‍ॅप रोज पहाटे फोनच्याच मेमरीत, Databases नावाच्या फोल्डरमध्ये एक प्रत ठेवतं. शेवटच्या सात दिवसांच्या प्रती तिथं असतात. तो फोल्डर नव्या फोनमध्ये त्याच जागी ठेवून मग अ‍ॅप टाकलं असतं तर चॅट परत आले असते. मी दुकानात धावलो. फोन आदल्याच दिवशी रीसेट केला होता. रीसेटनंतर त्यातलं काही उरत नाही.

माझे मेसेज तुमच्या सर्व्हरवर नसतात, हे मला कळतं, ते मी मागतही नाही. पण मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तो फोन दुकानात जसाच्या तसा होता. "जुना फोन कुठं आहे? रीसेट करू देऊ नका," एवढी एक ओळ पहिल्या उत्तरात असती तर माझं काम झालं असतं. ती ओळ आता तरी घाला. आणि बॅकअप आठवडाभर अडकला तर चॅटच्या यादीवरच ठळक दिसू द्या.

मित्र म्हणाला, फोटो परत पाठव, परत सांगतो. पण त्यातली एक नोटीस मी तहसीलदार कचेरीत जमा केलीय आणि तिचा फोटो जुन्या फोनमध्येच होता.