लागणारे कागद एकदाच सांगा ना!

तुमच्या कंपनीत नवीन व्हेंडर म्हणून नोंदणी करायची तर कागदपत्रं लागणारच, त्याला माझी ना नाही. पण काय काय लागणार हे एकाच मेलमध्ये सांगायला तुमचं नक्की काय जातं? आधी कंपनी नोंदणीचा दाखला आणि कर नोंदणी मागितली. दिली. मग बँक डिटेल्सचा फॉर्म आला, तो सही-शिक्क्यासकट पाठवला. त्यानंतर सांगतात, सोबत कॅन्सल्ड चेक हवा होता. अहो, मग फॉर्मवर तसं एक ओळ लिहायला काय झालं होतं?

चेक पाठवला तर अर्जच परत. कारण काय, तर नाव जुळत नाही! दाखल्यावर 'प्रायव्हेट लिमिटेड', चेकवर 'प्रा. लि.'. नाव ताडून बघावंच, खातं भलत्याचं असेल तर पैसे भलतीकडे जातील. पण चेकवर लांबलचक नाव छोटं करून छापतात, हे फायनान्समध्ये बसणाऱ्याला माहीत नसावं? पूर्ण नाव आणि खाते क्रमांक असलेलं बँकेचं पत्र आधीच मागितलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

बरं, तेवढी दुरुस्ती करून गाडी पुढे सरकावी ना? नाही. फायनान्सने अर्ज 'दुरुस्तीसाठी परत' न करता थेट 'रिजेक्ट' केला. म्हणजे नवा अर्ज, पुन्हा ज्या विभागाला काम हवंय त्याची मंजुरी, मग खरेदी विभाग, मग फायनान्स, आणि शेवटी व्हेंडर कोड काढणारी टीम. कोड नाही म्हणून पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर नाही, पीओ नाही म्हणून बिल घेत नाहीत. आणि ज्या विभागाला काम हवंय त्याचाच माणूस रोज फोन करतोय, "काम अर्जंट आहे, तुम्ही सुरू तर करा!" पैसे कुठून येणार ते मात्र विचारायचं नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते पुढच्या मेलने. "सुधारित बँक फॉर्म याच मेलला रिप्लाय करून पाठवा." पाठवला, लगेच मंजूर! खाते क्रमांक खरा आहे का हे विचारायला एकाचाही फोन नाही. उद्या आमचा मेलबॉक्स कुणी हॅक केला आणि ह्याच थ्रेडमध्ये स्वतःच्या खात्याचा फॉर्म टाकला, तर आमचे पैसे त्याच्या खात्यात जातील. बँक डिटेल्स बदलून पैसे लाटायचे प्रकार असेच होतात. आणि फोन करायचा तोही मेलच्या खाली दिलेल्या नंबरवर नाही, कारण तो नंबरही त्या चोरानेच टाकलेला असू शकतो. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या किंवा स्वतंत्रपणे शोधलेल्या नंबरवर करायचा. पाच मिनिटांचं काम आहे. 'प्रा. लि.'वरून आमचा जीव खाणाऱ्यांना तेवढी पाच मिनिटं मिळाली नाहीत!