पालकाचा रस, मूत्रपिंड आणि ताकातली भाजी

प्रतिक्रिया: "शरीरातलं विष काढणाऱ्या रसांवरचा तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. घरच्या उपायांची टिंगल करणं सोपं असतं. मी 21 दिवस रोज सकाळी अनशेपोटी पालक (एक अख्खी जुडी), बीट आणि आवळ्याचा रस घेतला. वजन 4 किलो उतरलं. पहिले काही दिवस लघवी लालसर होत होती, म्हणजे साठलेलं विष बाहेर पडत होतं ना? आता मिस्टरांनीही सुरू केलाय, त्यांना दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. सगळं नैसर्गिक आहे, त्याने अपाय कसा होईल?"

ताई, टिंगल वाटली असेल तर माझ्या लिहिण्यात कसूर आहे, माफ करा. पण तुमच्या शेवटच्या ओळींनी मला खरंच काळजीत टाकलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लाल लघवीचं आधी सांगतो. तो बीटाचा रंग आहे. काही जणांच्या पोटात तो पुरता मोडत नाही, रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडं त्याला बाहेर काढतात. तुम्ही सकाळी प्यायलेलंच दुपारी दिसत होतं. मात्र बीट न खाता लघवी लाल झाली तर ते रक्त असू शकतं, तेव्हा तपासून घ्यायलाच हवं. वजन उतरलं ते खरं आहे. नाश्त्याऐवजी रस घेतला, एकूण खाणं घटलं, तर सुरुवातीला शरीरातली साठवलेली साखर आणि तिला धरून असलेलं पाणी जातं, मागाहून थोडी चरबी. त्यात विषाचा संबंध नाही.

विष म्हणावं असं शरीरात रोज खरोखर तयार होतं ते म्हणजे अमोनिया. डाळ, अंडं, मासळी, काहीही प्रथिनं खाल्ली की तो होतोच. यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो लघवीतून टाकतात. त्यासाठी ती दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकीचं परत घेतात. रस विकणाऱ्याला एकच विचारा: कोणतं विष, रक्तात किती होतं आणि 21 दिवसांनी किती उरलं? युरियाचा आकडा कुठल्याही लॅबमध्ये मिळतो. या विषाचं नावसुद्धा आजवर मला कुणी सांगितलेलं नाही.

आता पालक. त्यात ऑक्झलेट नावाचं, वनस्पतींत आपसूक तयार होणारं एक संयुग भरपूर असतं. अळू खाजरं का असतं, तर त्यातल्या ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून तर आपण अळू चिंच घालून नीट शिजवतो, कच्चं कुणी पीत नाही. पालक घसा खाजवत नाही, म्हणून तो बिनधास्त मिक्सरमध्ये जातो. ऑक्झलेट मोडायची सोय माणसाच्या शरीरात नाही. यकृत उलट स्वतःच थोडं रोज तयार करतं. जे रक्तात येईल ते मूत्रपिंडांनीच टाकायचं, आणि लघवीत ते कॅल्शियमला भेटलं की खडा. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ते कित्येकशे मिलिग्रॅम असतं, जुडीभर पालकाच्या रसात सहज ग्रॅमच्या पुढे जातं. बीटाची त्यात भर. आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाचाही काही भाग शेवटी ऑक्झलेटच होतो.

'पण आम्ही पालक लहानपणापासून खातो.' खातोच की, पण कसा? ताकातल्या पातळ भाजीत, डाळीत. ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि ते शौचावाटे निघून जातं. पालक उकळून पाणी ओतून दिलं तर आणखी कमी होतं. आजीला हे रसायन ठाऊक नसेल, पण पद्धत बरोबर होती. अनशेपोटी कच्चा रस घेतला की धरायला आतड्यात काही नसतं.

2018 साली अमेरिकेतल्या मूत्रपिंडविकाराच्या एका नियतकालिकात 65 वर्षांच्या एका बाईंची हकीकत आली होती. आधी मूत्रपिंडं ठीक होती. हिरव्या भाज्या-फळांच्या रसांचं 'क्लेन्झ', म्हणजे तथाकथित शरीरशुद्धी, केलं आणि मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक साचून डायलिसिसवर गेल्या. त्यांचं आधी जठराचं बायपास झालं होतं आणि बराच काळ प्रतिजैविकं चालू होती. दोन्हींमुळे ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. त्यामुळे धडधाकट माणसाला तीन आठवड्यांत असं होईलच, असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही बहुधा काही झालेलं नाही. तरी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कसं काम करतात ते सांगणारा आकडा, तपासून घ्यायला हरकत नाही. मात्र तो आकडा ठळकपणे चढेपर्यंत मूत्रपिंडांचं काम जवळपास निम्म्यावर आलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवा.

तुमच्या यजमानांचं तसं नाही. त्यांचा रस आजच बंद करा. खड्याची तपासणी झाली असेल तर जुन्या फायलीत 'कॅल्शियम ऑक्झलेट' असं लिहिलंय का ते पाहा, बहुतेक खडे त्याचेच असतात. दूध-ताक मात्र खड्याच्या भीतीने बंद करू नका, तेच आतड्यात ऑक्झलेट अडवतं. पाणी इतकं प्यायला सांगा की दिवसाची लघवी दोन-अडीच लिटर व्हावी. पाठीत-कुशीत कळ, मळमळ, लघवी कमी होणं किंवा पायांवर सूज यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा, आणि रसाचं आवर्जून सांगा. लोक गोळ्यांची यादी देतात, रस औषध नाही म्हणून राहून जातो.