४जी फुल दिसतं, तरी कॉल का लागत नाही?

"जुन्या फोनवर ४जी फुल दिसतं, व्हिडिओ मस्त चालतात, फक्त कॉल लागत नाही. म्हणजे फोन ठणठणीत आहे, नवे फोन खपावेत म्हणून कंपनीच कॉल अडवते. व्होल्टी म्हणजे काय, इंटरनेटवरून कॉल, बाकी काही नाही. डेटा चालू ठेवा आणि नेटवर्क LTE only वर टाका, कॉल लागायला लागतील. सगळ्यांना पाठवा." असा एक मेसेज फिरतोय.

आधी "फोन ठणठणीत आहे" हे बघू. टूजी आणि थ्रीजीवर फोन लावला की त्या कॉलपुरती एक वाट राखून ठेवली जायची आणि आवाज त्या वाटेने जायचा. ४जी बांधताना ही वाट ठेवलीच नाही. तिथे सगळं डेटाच्या छोट्या छोट्या पाकिटांतून जातं. मग सुरुवातीच्या ४जी फोनवर लोक बोलत कसे होते? फोन ४जीवर असायचा, तुम्ही नंबर लावला की नेटवर्क त्याला खाली थ्रीजी किंवा टूजीवर पाठवायचं, बोलणं तिथे व्हायचं आणि संपलं की फोन परत वर यायचा. म्हणून त्या फोनांवर नंबर लावल्यावर काही सेकंद नुसती शांतता असायची आणि वरचं 4G जाऊन तिथे H किंवा E यायचं.

आता खालचं थ्रीजी-टूजी बंद झालं की या फोनला उतरायला जागाच उरत नाही. इंटरनेट ४जीवर आहे, ते चालतच राहतं. कॉल मात्र जागच्या जागी मरतो. म्हणजे वर दिसणारं 4G खरं आहे, पण ते फक्त डेटाची ग्वाही देतं. आयफोन ५एस हे याचं चांगलं उदाहरण आहे. त्यात ४जी आहे, पण व्होल्टी, म्हणजे खाली न उतरता ४जीवरूनच बोलायची सोय, नाही. ती पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये आयफोन ६ बरोबर आली.

दुसरा मुद्दा डेटाचा. व्होल्टीत आवाज पाकिटांतूनच जातो, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण तो तुमच्या रोजच्या इंटरनेटच्या वाटेने जात नाही. फोन आणि नेटवर्क यांच्यात `ims` नावाची वेगळी जोडणी होते. फोन चालू झाला की तो त्या जोडणीवरून कंपनीच्या आयएमएस या यंत्रणेकडे आपली नोंद करतो. ही नोंद झाली तरच येणारा कॉल तुमच्यापर्यंत पोचतो आणि जाणारा बाहेर पडतो. कॉल सुरू झाला की त्याच्या पाकिटांना नेटवर्क अग्रक्रम देतं, ठरावीक वेग राखून ठेवतं. मेसेजिंग ॲपवरच्या कॉलला ही सोय मिळत नाही, म्हणून गर्दीच्या वेळी ॲपवरचा आवाज तुटतो आणि व्होल्टीचा टिकतो. नोंदीची वाट वेगळी असल्यामुळे बहुतेक फोनांवर मोबाइल डेटा बंद केला तरी व्होल्टी कॉल लागतो. उलट, नोंदच झाली नसेल तर डेटा दिवसभर चालू ठेवूनही उपयोग नाही.

एक अगदी घरातलं उदाहरण सांगते. आत्याच्या फोनमध्ये दोन सिम. डेटा पहिल्या सिमवर, आणि नातेवाइकांकडे नंबर दुसऱ्या सिमचा. एके दिवशी सगळे सांगायला लागले, "तुमचा फोन बंद लागतो." फोन चालू होता, तिच्या हातातच होता. मी पाहिलं तर पहिल्या सिमपुढे 4G, आणि दुसऱ्यापुढे दांड्यांच्या जागी फुली. त्या कंपनीने जुनी नेटवर्कं नुकतीच बंद केली होती. आत्याचा फोन त्या काळातला, ज्यात ४जी एका वेळी एकाच सिमला मिळतं, ज्यावर डेटा आहे त्याला. दुसरं सिम टूजी-थ्रीजीवरच राहतं. मी डेटा दुसऱ्या सिमवर नेला, त्या सिमचं VoLTE बटण चालू केलं आणि फोन बंद-चालू केला. मिनिटभरात त्या सिमपुढे 4G आलं. मी माझ्या फोनवरून रिंग दिली, वाजली. पहिलं सिम टूजीवर गेलं, पण त्या कंपनीचं टूजी अजून सुरू असल्याने त्यावरचे कॉलही येत राहिले. दोन्ही कंपन्यांनी जुनं नेटवर्क बंद केलं असतं तर या फोनवर एकच सिम जगलं असतं. आत्या तोवर नवा फोन घ्यायला निघाली होती!

कंपनीने मुद्दाम कॉल अडवण्याबद्दल सरसकट "खोटं" म्हणून मी मोकळी होणार नाही. व्होल्टीसाठी फोनच्या आत त्या त्या कंपनीच्या नेटवर्कची माहिती भरलेली लागते, आणि काही कंपन्या स्वतः तपासलेल्या मॉडेलांनाच व्होल्टी देतात. म्हणून दुसऱ्या देशातून आणलेला, चांगला ताकदीचा फोनही इथे मुका होऊ शकतो. त्यात VoLTE चं बटणच दिसत नाही. ज्याचा फोन असा अडतो त्याची तक्रार रास्त आहे. अशा वेळी फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करून बघावं, कारण ही माहिती अनेकदा अपडेटमधूनच येते. मग कंपनीला मॉडेल नंबर सांगून सरळ विचारावं. पण जिथे फोनमध्ये व्होल्टी मुळातच नाही, तिथे कंपनीने अडवण्यासारखं काही उरत नाही.

सगळ्यात नुकसान करणारा सल्ला शेवटचा. LTE only म्हणजे "४जी सोडून कुठेही जायचं नाही" असं फोनला बजावणं. ज्या फोनची आयएमएस नोंद नाही, त्याची खाली उतरायची वाट यामुळे आपण स्वतःच बंद करतो. आजवर टूजीवर लागत असलेले कॉलही मग थांबतात. आणि व्होल्टी नीट चालणाऱ्या फोनला याची गरजच नाही. उलट ४जी कमजोर असलेल्या जागी चालू कॉल जुन्या नेटवर्कवर सरकवायची सोय जाते आणि बोलता बोलता कॉल तुटतो. हे केलं असेल तर नेटवर्कची निवड परत अशी ठेवा, की ज्यात ४जीबरोबर जुनी नेटवर्कंही असतील.

खरी अडचण कुठे आहे ते अनेक अँड्रॉइड फोनांवर तपासता येतं. डायलरमध्ये हे टाका:

```
*#*#4636#*#*
```

फोनच्या माहितीचं पान उघडा आणि कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत IMS Service Status बघा. तिथे Not Registered असेल तर आधी VoLTE बटण बघा. ते चालू असेल तर APN च्या यादीकडे जा, म्हणजे फोनने नेटवर्कशी कोणत्या जोडण्या करायच्या ते लिहिलेल्या सेटिंगकडे. कुणी इंटरनेटचा वेग वाढवायला तिथे हात घातला असेल तर `ims` ची ओळ उडालेली असू शकते. यादी मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय तिथेच असतो. काही फोनांवर हा कोड चालत नाही. मग वायफाय बंद करून नंबर लावा आणि वर बघत राहा. बोलताना 4G टिकलं तर कॉल व्होल्टीवर आहे. ते जाऊन H किंवा E आलं तर तो जुन्या नेटवर्कवर गेला, आणि ते बंद झालं की कॉलही बंद होणार.

ही चाचणी पार झाली तरी एक जागा उरते, ती आणीबाणीच्या नंबराची. काही फोन साधे कॉल व्होल्टीवर करतात आणि आणीबाणीचा नंबर लावला की थ्रीजी शोधायला जातात. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये थ्रीजी बंद करताना नेमक्या याच कारणासाठी असे फोन नेटवर्कवर चालू द्यायचे नाहीत असं ठरलं. घरी बसून आणीबाणीचा नंबर लावून बघणं बरोबर नाही, म्हणून जुना फोन असेल तर मॉडेल नंबर देऊन हा एक प्रश्न कंपनीला वेगळा विचारा: आणीबाणीचा कॉल यावर ४जीवरून जातो का?